नवरा ३६ वर्षांचा, स्ट्रोक आला, बबल स्टडी "निगेटिव्ह". आता डॉक्टर म्हणतात पुन्हा करू. का?

अबोली_पुणे | ९ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती नि प्रवासाच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कारणाने लिहितेय.

२९ जुलैला नवरा नागपूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला आला. खिडकीची सीट, शेजारी माणूस झोपलेला, त्यामुळे रात्रभर उठला नाही. उठावं लागू नये म्हणून पाणीही प्यायला नाही. घरी आल्यावर संडासला गेला. दोन दिवस पोट साफ नव्हतं, जोर करावा लागला. बाहेर आला तेव्हा उजव्या हातातून मग निसटला. मी विचारलं काय झालं, तर "चावी... चावी दे" म्हणत राहिला. त्याला टॉवेल हवा होता. तासाभरात हॉस्पिटलला पोचलो, तोवर बोलणं बरंचसं सुधारलं होतं, त्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक छोटा डाग आला.

बीपी नाही, शुगर नाही. होल्टर चोवीस तास लावला, नॉर्मल. साधा इको नॉर्मल. पायांचा डॉप्लर नॉर्मल. मग बबल स्टडी केली, म्हणजे बुडबुडे सोडून इकोत हृदयातली फट शोधतात ती तपासणी. रिपोर्टवर एकच ओळ: शंट आढळला नाही. आता दुसरे डॉक्टर म्हणतात, ही पुन्हा करू, आणि पीएफओ, म्हणजे हृदयाच्या पडद्यातली ती फट, सापडला तर तो बंद करायचा विचार करू. एकदा निगेटिव्ह आलेली तपासणी पुन्हा कशाला? आणि शिरेत मुद्दाम हवा सोडतात हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आलाय. कुणाला अनुभव आहे का?

---

मंदाताई | ९ ऑगस्ट, रात्री ११:१५

अगं अबोली, घाबरू नकोस. माझ्या नातीच्या हृदयालाही भोक होतं. पाचव्या वर्षी ते बंद करायला छत्री बसवली, आता कथ्थक करते. त्यांनी तर बुडबुडे वगैरे काहीच केलं नव्हतं, साध्या इकोत दिसलं. मोठं असलं की लगेच बंद करून टाकावं, उगाच वाट पाहू नये. आम्ही वर्षभर थांबलो, तेवढ्यात तिचं वजनच वाढेना.

---

सडेतोड | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

मी डॉक्टर नाही, पण हा विषय वाचलाय. चारातल्या एका धडधाकट माणसाला पीएफओ असतो. म्हणजे ह्या धाग्यावर दहा जणांनी प्रतिसाद दिला तर दोघा-तिघांना असणार. आता स्ट्रोक आला आणि शोधलं तर सापडणारच! म्हणून तोच गुन्हेगार का? क्लोजर वन नावाची मोठी चाचणी २०१२ मध्ये आली. त्यात बंद केलेले आणि नुसत्या गोळ्यांवर ठेवलेले यांच्यात फरक निघाला नाही. तरीही हॉस्पिटलं छत्र्या बसवतात. का ते तुम्ही ओळखा. ॲस्पिरिन घ्या, घरी बसा.

---

इकोवाला | १० ऑगस्ट, दुपारी २:३०

दिवसभर अंधाऱ्या खोलीत इकोच करत असतो, म्हणून आधी मंदाताईंचा गुंता सोडवतो. ताई, तुमच्या नातीला होता तो एएसडी. तिथे पडद्याचा तुकडाच नसतो, खरं भोक. रक्त चोवीस तास डावीकडून उजवीकडे वाहतं, उजवी बाजू फुगते, मूल वाढत नाही. ते बंद करायचं कारण निराळं. पीएफओत पडदा पूर्ण असतो. बाराबंदीचे दोन पदर एकमेकांवर नीट आलेत, फक्त बंद बांधायचे राहिलेत, असं समजा. आईच्या पोटात फुप्फुसं चालू नसतात, तेव्हा वारेकडून आलेलं चांगलं रक्त याच फटीतून डावीकडे जातं. जन्मानंतर डावीकडचा दाब वाढतो, वरचा पदर खालच्यावर दाबला जातो, आणि बहुतेकांचे पदर पुढे चिकटून जातात. चारातल्या एकाचे चिकटत नाहीत. एरवी डाव्या दाबामुळे ते मिटलेलेच राहतात.

मिटलेले पदर उघडतात कधी? उजवीकडचा दाब क्षणभर डावीकडच्यापेक्षा वाढला की. आणि तो वाढतो कुंथून सोडल्यावर, जोरात खोकल्यावर, जड उचलून ठेवल्यावर. अबोलीताईंनी बसचा प्रवास आणि संडासातला जोर एका दमात लिहिलाय, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना तपासणी पुन्हा का हवी आहे, ते मला तरी लगेच कळलं. रात्रभर पाय लटकवून बसलेल्या माणसाच्या शिरेत छोटी गुठळी होते. एरवी ती फुप्फुसाच्या चाळणीत अडकली असती आणि विरघळून गेली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. फट नेमकी त्या क्षणी उघडी असली तर ती थेट डावीकडे आणि तिथून मेंदूत. कोनहाइम नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने हा मार्ग १८७७ मध्येच शवविच्छेदनात पाहून लिहून ठेवला होता.

पण ही सध्या शंका आहे, निदान नाही. सडेतोड यांचा चारात एकचा मुद्दा बरोबर आहे. क्लोजर वनवर संध्याकाळी लिहितो, पेशंट थांबलेत.

---

अबोली_पुणे | १० ऑगस्ट, दुपारी ३:१०

धन्यवाद डॉक्टर. बाराबंदीवरून एकदम कळलं. पण बबल स्टडी निगेटिव्ह आलीय ना? की फट मिटलेली असताना बघितली?

---

इकोवाला | १० ऑगस्ट, रात्री ९:५०

नेमकं हेच. रिपोर्टमध्ये "वल्साल्वा", म्हणजे कुंथायला लावणं, हा शब्द आहे का बघा. नसेल तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नाही, अर्धवट आहे.

आमच्या खोलीत काय चालतं ते सांगतो, म्हणजे हवेची भीतीही जाईल. हाताच्या कोपराच्या घडीत जरा जाडसर व्हेनफ्लॉन लावतो. त्याला थ्री-वे, थ्री-वेला दहा-दहा मिलीच्या दोन सिरिंजा. एकीत नऊ मिली सलाईन आणि एक मिली हवा. बरेच जण त्यात पेशंटचंच थोडं रक्त ओढून घेतात, त्याने बुडबुडे जास्त टिकतात. मग एका सिरिंजमधून दुसरीत, दुसरीतून पहिलीत, दहा-पंधरा वेळा जोरजोरात. पाणी दुधाळ झालं पाहिजे. डोळ्यांना दिसणारा हवेचा थर राहिला तर तो बाहेर काढायचा, शिरेत सोडायचा नाही. मग झटकन इंजेक्ट. बुडबुडे इतके बारीक असतात की फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकून जिरून जातात. एखाद्याला मिनिटभर डोकं हलकं वाटतं, क्वचित कुणाला थोडा वेळ दिसण्यात फरक पडतो. गंभीर काही होणं फारच दुर्मीळ.

स्क्रीनवर आधी उजवा कप्पा पांढराशुभ्र भरतो. तो भरल्यापासून हृदयाचे ठोके मोजायचे. तीन ठोक्यांच्या आत डाव्या कप्प्यात बुडबुडे दिसले तर ते पडद्यातून आले. पाचव्या-सहाव्या ठोक्यानंतर येऊ लागले तर ते बहुधा फुप्फुसातल्या एखाद्या चोरवाटेने आलेत. तो वेगळाच आजार, तिथे पडद्यावर छत्री बसवून काहीच उपयोग नाही.

आता कुंथण्याचं. आधी शांतपणे, मग कुंथायला लावून, असं दोनदा तरी इंजेक्शन द्यायचं असतं. गंमत अशी की कुंथत असताना फट उघडत नाही. कुंथताना छातीतला दाब वाढतो आणि रक्त उजवीकडे यायचंच थांबतं. दहाएक सेकंद कुंथून सोडलं की साचलेलं रक्त धाडकन उजव्या कप्प्यात येतं, दाब उलटतो आणि पडदा डावीकडे ढकलला जातो. उजवीकडे बुडबुडे पोचायला आणि "सोडा" म्हणायला एकच गाठ पडली पाहिजे. एक सेकंद इकडे-तिकडे झालं की हुकलं. नुकताच स्ट्रोक आलेला, घाबरलेला, कुशीवर झोपवलेला माणूस नीट कुंथत नाही. गाल फुगवतो आणि आम्हाला वाटतं कुंथला. खरं कुंथला की नाही, ते पडदा डावीकडे झुकला का यावरून कळतं. झुकला नाही तर पुन्हा. मी तर सहायकाला पोटावर हात दाबून धरायला लावतो, नाहीतर "खोका" म्हणतो.

आणखी एक खोडी. हाताच्या शिरेतलं रक्त वरच्या महाशिरेतून येतं. पायाकडून येणारं रक्त मात्र खालच्या महाशिरेतून थेट त्या फटीच्या दिशेने येतं, गर्भातली सवय. काहींच्यात खालचा प्रवाह इतका जोरात असतो की हातातून सोडलेले बुडबुडे पडद्यापाशी पोचतच नाहीत. उजव्या कप्प्यात पडद्यालगत काळा पट्टा दिसला तर समजायचं.

---

न्यूरॉन_निवांत | १० ऑगस्ट, रात्री ११:३०

न्यूरोलॉजीत आहे. इकोवाल्यांनी फट शोधायचं सांगितलं, मी ब्रेक लावतो. पीएफओ हे शेवटचं उत्तर आहे, पहिलं नाही. बाकी सगळं नाही म्हणाल्यावर त्याच्याकडे बोट दाखवायचं.

अबोलीताई, तीन प्रश्न:
मानेच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतलंय का, की फक्त डोक्याचं?
नवरा सलूनमध्ये मान मोडून घेतो का? आधीच्या आठवड्यात मान दुखत होती का?
गुठळ्या करणाऱ्या फॉस्फोलिपिड अँटिबॉडीजचं रक्त पाठवलंय का?

तिशी-पस्तिशीतल्या स्ट्रोकमध्ये मानेच्या धमनीच्या आतल्या थराला चीर जाणं हे नेहमीचं कारण आहे. ते सुटलं आणि त्यात पीएफओ सापडला, तर छत्री बसते, सगळे खूश, आणि खरं कारण मानेत तसंच.

---

अबोली_पुणे | ११ ऑगस्ट, सकाळी ८:२०

बापरे. तो दर महिन्याला सलूनमध्ये चंपी करून घेतो, आणि तो माणूस शेवटी दोन्ही बाजूंना कटकन मान मोडतो. मी कितीदा ओरडलेय. फाईल काढून पाहिली, एमआर अँजिओ "ब्रेन" एवढंच लिहिलंय. मानेचं नाही. फॉस्फोलिपिडचं रक्त ३१ जुलैला दिलंय, रिपोर्ट यायचाय. आणि हो, बबलच्या रिपोर्टमध्ये वल्साल्वा शब्द कुठेच नाही.

आज भेटायला जातोय, हे सगळं विचारते.

---

वाटसरू७७ | ११ ऑगस्ट, सकाळी ९:००

माझे वय ५७. गतवर्षी मलाही पक्षाघाताचा सौम्य झटका आला. रक्तदाब पंधरा वर्षांपासून, मधुमेह आठ. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात लहानसा ठिपका. नंतर छोटा पीएफओ सापडला, बुडबुडे चार-पाचच. मी स्वतः म्हणालो, डॉक्टर, बंद करून टाका, पैशांचा प्रश्न नाही. त्यांनी साफ नकार दिला. मला आजही वाटते की उपचार अर्धवट राहिला. येथील जाणकारांचे मत काय?

---

इकोवाला | ११ ऑगस्ट, रात्री १०:१५

वाटसरूकाका, तुमचे डॉक्टर मला आवडले. तुमचं आणि अबोलीताईंच्या यजमानांचं शेजारी शेजारी मांडतो, म्हणजे सडेतोड यांनाही उत्तर मिळेल.

फट निरपराध की दोषी याचा अंदाज घ्यायला रोप स्कोअर वापरतात. तत्त्व सोपं: स्ट्रोकची नेहमीची कारणं जितकी कमी, तितका संशय फटीवर जास्त. बीपी नसेल तर एक गुण, शुगर नसेल तर एक, आधी स्ट्रोक आला नसेल तर एक, सिगारेट ओढत नसेल तर एक, डाग मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असेल तर एक. वयाचे वेगळे: तिशीच्या आत पाच, तिशीत चार, चाळिशीत तीन, पन्नाशीत दोन, असे उतरत.

काका, तुमचे वयाचे दोन, बीपीचा शून्य, शुगरचा शून्य, आधी स्ट्रोक नव्हता त्याचा एक, सिगारेट ओढत नसाल तर एक, डाग खोल म्हणून शून्य. एकूण चार. यजमानांचे वयाचे चार आणि बाकी पाच, एकूण नऊ.

दुसरी बाजू फटीची. कुंथल्यावर विसाहून जास्त बुडबुडे आले, किंवा पडदा शिडासारखा इकडून तिकडे फडफडत असेल, तर ती फट धोक्याची. २०२१ मध्ये जुन्या सहा चाचण्यांतल्या ३७४० पेशंटांची माहिती एकत्र करून हे दोन्ही निकष जोडून पाहिले, त्याला पास्कल वर्गीकरण म्हणतात. स्कोअर सात किंवा वर आणि फटही धोक्याची, अशांमध्ये बंद केल्यावर पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण गोळ्यांवरच्या लोकांच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं. दोन्ही नसणाऱ्यांत, म्हणजे तुमच्या गटात, काका, फायदा दिसलाच नाही, आणि छत्रीनंतर ठोके अनियमित होण्याचा त्रास मात्र वाढला. तुमचा ठिपका बीपीने झिजलेल्या बारीक वाहिनीचा आहे. छत्री बसवली असती तरी ती वाहिनी तशीच राहिली असती.

सडेतोड, क्लोजर वन खरंच फेल गेली, पण का ते बघा. त्यात असे पुष्कळ पेशंट होते ज्यांच्या स्ट्रोकला दुसरं कारण होतं, पाठपुरावा दोनच वर्षांचा, आणि ज्या यंत्रावर ती चाचणी होती त्याच्यावरच गुठळ्या धरायच्या. ते आज कुणी वापरत नाही. २०१७ मध्ये तीन चाचण्या एकाच अंकात आल्या. त्यातल्या फ्रान्सच्या क्लोज चाचणीत फक्त मोठी फट किंवा फडफडणारा पडदा असलेले, साठीच्या आतले पेशंट घेतले. सरासरी पाचेक वर्षांत छत्री बसवलेल्या २३८ जणांत एकालाही पुन्हा स्ट्रोक आला नाही, गोळ्यांवरच्या २३५ जणांत १४ जणांना आला.

---

सडेतोड | ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

आकडे मान्य. पण उलटीकडून वाचा: गोळ्यांवरच्या २३५ पैकी २२१ जणांना पाच वर्षांत काहीही झालं नाही. म्हणजे एकाचा स्ट्रोक टाळायला साधारण वीस जणांच्या हृदयात जन्मभरासाठी धातू ठेवायचा. त्यातल्या एकोणीस जणांना गरजच नव्हती, आणि ते एकोणीस कोण हे कुणालाच माहीत नाही.

---

इकोवाला | ११ ऑगस्ट, रात्री ११:२०

खरं आहे. मी हेच पेशंटला याच शब्दांत सांगतो. ५८व्या वर्षी वीसात एक हा सौदा कदाचित नको वाटेल. ३६व्या वर्षी पुढची तीस-चाळीस वर्षं मोजायची असतात, आणि चाचण्या पाच-सहा वर्षांच्या पुढे फारसं सांगत नाहीत. निर्णय घेणाऱ्याने घ्यायचा.

---

ओहायोकर | १२ ऑगस्ट, सकाळी ६:४५

मी ते एकोणीस किंवा तो एक, कोण ते मलाही माहीत नाही :)

४१व्या वर्षी स्ट्रोक, मोठा पीएफओ, इथे अमेरिकेत बंद केला. मांडीतल्या शिरेतून नळी, दोन चकत्यांचं जाळीदार बटण, एक चकती पडद्याच्या डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये फट चिमटीत. दुसऱ्या दिवशी घरी. प्रोसिजर काहीच नाही वाटली. तिसऱ्या आठवड्यात मात्र रात्री छातीत कबुतर फडफडल्यासारखं झालं. मॉनिटर लावला तर एट्रियल फिब्रिलेशन, तेच अनियमित ठोके. म्हणजे स्ट्रोक टाळायला बसवलेल्या वस्तूने स्ट्रोकचंच दुसरं कारण उभं केलं! तीन महिने रक्त पातळ करायची वेगळी गोळी घ्यावी लागली. नंतर परत कधी झालं नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दीड महिन्यातच बहुतेक होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं.

सहा महिन्यांनी पुन्हा बबल केलं तेव्हा थोडे बुडबुडे अजून जात होते. वर्षाने शून्य. आणि पहिले सहा महिने दातांचं काही करायचं असेल तर आधी अँटिबायोटिक. हे मला डेंटिस्टनेच आठवण करून दिलं, हॉस्पिटलने नाही.

---

मंदाताई | १२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

माझ्या भाचीला अर्धशिशीचा भयंकर त्रास आहे. तिला कुणीतरी सांगितलं की हृदयातली ही फट बंद केली की डोकं थांबतं. खरं का हो डॉक्टर?

---

न्यूरॉन_निवांत | १२ ऑगस्ट, दुपारी १:१०

मंदाताई, निव्वळ अर्धशिशीसाठी नाही. त्यावर वेगळ्या चाचण्या झाल्या आणि ज्या मुख्य उद्दिष्टासाठी त्या केल्या ते त्यांत साध्य झालं नाही. काहींना बरं वाटलं, पण खोटी प्रोसिजर केलेल्यांपैकीही काहींना वाटलं. भाचीला अर्धशिशीचा नीट उपचार करू द्या.

---

अबोली_पुणे | २१ ऑगस्ट, रात्री ९:३०

अपडेट. मानेची अँजिओग्राफी झाली, चीर शोधायला लागतो तो खास एमआरआयही केला. दोन्ही स्वच्छ. सलूनवाल्याची मान मोडणी मात्र आमच्या घरात कायमची बंद.

बबल पुन्हा केलं, ह्या वेळी मला आत उभं राहू दिलं. आधी शांतपणे: डावीकडे तीन-चार ठिपके. मग त्या मॅडमनी त्याच्या पोटावर माझाच हात ठेवला नि म्हणाल्या, दाबून धरा, आणि तुम्ही ताईंचा हात ढकला. तो ढकलत होता, त्या स्क्रीनकडे बघत होत्या, आणि एकदम ओरडल्या, "सोडा!" त्या पांढऱ्या ढगातून दुसऱ्याच ठोक्याला ठिपके पलीकडे सांडले. मी मोजायला लागले, बारा-तेरापर्यंत मोजले आणि मग जमेना. रिपोर्टमध्ये "विसाहून अधिक, तीन ठोक्यांच्या आत, वल्साल्वा सोडल्यावर" असं लिहिलंय. घशातून नळी घालून केलेल्या इकोत लांबट बोगद्यासारखी फट, पडदा फडफडणारा नाही. घशातलं करताना गुंगी दिली होती, कुंथायला त्याला जमलंच नाही, म्हणून आकडा पहिल्याचाच धरला.

आता कबुलीजबाब. डॉक्टरांनी मला बाहेर पाठवून त्याला विचारलं आणि तो म्हणाला, दिवसाला चार-पाच सिगारेटी, ऑफिसच्या खाली. लग्नाला नऊ वर्षं झाली. म्हणजे तो एक गुण गेला, नऊचे आठ.

आणि फॉस्फोलिपिडचा एक रिपोर्ट किंचित वाढलेला आलाय. बाकीचे दोन नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, बारा आठवड्यांनी पुन्हा, तोवर छत्रीचा निर्णय नाही. सगळे निकष जुळत असताना हे मध्येच काय?

---

इकोवाला | २१ ऑगस्ट, रात्री १०:२५

पोटावर बायकोचा हात ही युक्ती चोरणार आहे.

आठ आले तरी सातच्या वर, फट मोठी, म्हणजे वर्ग बदलत नाही. सिगारेट सोडणं छत्री बसवली तरी लागणारच. पडदा फडफडत नाही हे बरंच आहे. बाकीचं न्यूरोवाल्यांनी सांगावं.

---

न्यूरॉन_निवांत | २२ ऑगस्ट, सकाळी ७:५०

अबोलीताई, तुमचे डॉक्टर बरोबर थांबलेत. ह्या अँटिबॉडीज साध्या तापानंतरही तात्पुरत्या वाढतात, म्हणून एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. बारा आठवड्यांनी खाली आल्या तर विषय संपला आणि गाडी छत्रीकडे. चांगल्या वाढलेल्या राहिल्या तर मात्र रक्तालाच गुठळी करायची सवय आहे असं होईल. मग रक्त पातळ करायची गोळी दीर्घकाळ लागेल, आणि ती चालू असताना छत्रीने आणखी किती फायदा होतो, यावर आमच्यातच एकमत नाही. किंचितच वाढलेल्या राहिल्या तर आणखी अवघड, तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसलेलं बरं.

पायाचा डॉप्लर नॉर्मल होता म्हणून गुठळी नव्हतीच असं समजू नका. बहुतेकदा सापडत नाही, जी होती ती निघून गेलेली असते. ओटीपोटातल्या शिरा तर त्या डॉप्लरमध्ये दिसतही नाहीत.

---

वाटसरू७७ | २२ ऑगस्ट, सकाळी ९:१०

इकोवाले डॉक्टर, सिगारेट मी कधीच ओढली नाही, तेव्हा माझे चारच. काल बीपीचे यंत्र आणले. सकाळी १५४ आले. छत्रीचा विषय मी सोडला, पण १५४चे काय करायचे ते डॉक्टरांना फोन करून विचारतो.

---

सडेतोड | २२ ऑगस्ट, सकाळी ९:४०

काका, एका रीडिंगवर जाऊ नका. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. चहाच्या आधी.

---

अबोली_पुणे | २२ ऑगस्ट, रात्री १०:००

सध्या दोन गोळ्यांतली एक, तीन आठवडे झाल्यामुळे, बंद केली. ॲस्पिरिन चालू. नागपूरला पुन्हा जायचंय म्हणतो, तर ह्या वेळी रेल्वेने, आणि दर दोन तासांनी डब्यात फेरी. पोट साफ राहण्यासाठी इसबगोल सुरू केलंय. त्याला वाटतं मी अति करतेय. ओहायोकर, छत्री बसवायची ठरली तर तुमच्या कबुतराबद्दल आणखी विचारेन.

३१ जुलैपासून बारा आठवडे मोजले. नेमकी भाऊबीज येतेय. लॅब बंद.

---

मंदाताई | २२ ऑगस्ट, रात्री १०:२०

मग दुसऱ्या दिवशी जा गं. एक दिवस उशीर चालतो, आधी नको. हो ना डॉक्टर?

---

न्यूरॉन_निवांत | २३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

हो मंदाताई, उशीर चालतो, आधी नाही. लॅब शक्यतो तीच ठेवा.